माळकरी सासऱ्यांच्या पायाला सात महिने मुंग्या, बी ट्वेल्व्ह २६८ म्हणजे "नॉर्मल", मग आता काय तपासायचं?

कलमवाडी (देवगड) | ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सासऱ्यांबद्दल विचारायचंय, जरा लांबच लिहिते कारण थोडक्यात लिहिलं की सगळे "शुगर बघा" म्हणतात आणि शुगर बघून झालीय.

दादा ६४ वर्षांचे. बावीस वर्षांपूर्वी माळ घातली. त्याआधी रोज खाडीचा मासा, त्यानंतर मासा नाही की अंडं नाही. कलमांची बाग अजून स्वतः बघतात. गेल्या दिवाळीपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतायत, आधी फक्त बोटांना आणि तेही रात्री, आता घोट्यापर्यंत आणि दिवसभर. म्हणतात, "कापसावरून चालल्यासारखा वाटता गो."

पण मी घाबरले ते दोन गोष्टींनी. मे महिन्यात बागेतून घरी आले तर एका पायात चप्पल नव्हती आणि त्यांना पत्ताच नाही, पाखाडीच्या चिऱ्यांवरून तसेच वर आले, अंगठ्याला ठेच लागून रक्त येत होतं तेही मीच दाखवलं. आणि दुसरं म्हणजे न्हाणीत तोंडाला साबण लावला की एका हाताने नळ धरतात. डोळे उघडे असले तर काही नाही, मिटले की झोक जातो.

इथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट केले. शुगर ठीक, तीन महिन्यांची पण ५.६. थायरॉइड ठीक, क्रिएटिनिन ठीक. हिमोग्लोबिन ११.८, एमसीव्ही ८७. बी ट्वेल्व्ह २६८, लॅबची रेंज २०० ते ९००, म्हणून "नॉर्मल आहे, वयाप्रमाणे होतं" असं सांगून रात्रीची नसांची गोळी दिली. तिने झोप लागते, मुंग्या थोड्या कमी वाटतात, पण चालणं तसंच. आता एमआरआयला कोल्हापूरला न्यायचं का? की अजून कुठली रक्ततपासणी राहिलीय?

---

पेन्शनर_दापोली | ९ जून, रात्री ११.१५

ताई, माझंही सेम टू सेम. मला १४ वर्षं डायबेटिस आहे, तळपायाची आग आणि मुंग्या, मी दोन वर्षं समजत होतो शुगरच्या नसा गेल्या. मग नवीन डॉक्टरांनी विचारलं मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय, म्हटलं पहिल्या दिवसापासून, तर त्यांनी बी ट्वेल्व्ह काढायला लावलं, ते १४२ आलं. मेटफॉर्मिनने बी ट्वेल्व्ह हळूहळू कमी होतं म्हणाले. इंजेक्शनं घेतली, बराच फरक पडला. दादांची मेटफॉर्मिन बंद करून दुसरी गोळी मागा.

---

कलमवाडी | ९ जून, रात्री ११.२२

काका, दादांना शुगर नाहीये हो, मेटफॉर्मिन कधीच घेतली नाही. पण तुमचं वाचून धीर आला.

---

नारळीपौर्णिमा (अलिबाग) | १० जून, सकाळी ७.०५

२०० च्या वर असेल तर बी ट्वेल्व्हचा विषय संपला, लॅबची रेंज उगाच नसते. शिवाय बी ट्वेल्व्ह कमी असेल तर रक्तपेशी मोठ्या होतात, एमसीव्ही शंभरच्या वर जातं, तुमचं ८७ आहे. म्हणजे हे कमरेच्या मणक्याचं आहे, सायटिका. तरी वाढवायचंच असेल तर औषधं कशाला, आंबवलेले पदार्थ द्या, इडली, नाचणीची आंबील, ताजं दही, रोज वाटीभर सोलकढी. माझ्या नणंदेने स्पिरुलिना घेतली होती, तिचं वाढलं.

---

मालवणी_गाबीत | १० जून, सकाळी ७.४०

गे बाय, बांगड्या-तारल्यांच्या मुलखात रवान बी ट्वेल्व्ह कमी? आठवड्यात दोनदा तिसऱ्यो खावक घाला, सगळा बरा जातला.

---

कलमवाडी | १० जून, सकाळी ८.१०

भाऊ, दादा माळ काढणार नाहीत. घरात आम्ही बाकी सगळे खातो, त्यांचं ताट वेगळं असतं. त्यांना तो पर्याय सुचवायचाही नाहीये.

---

मालवणी_गाबीत | १० जून, सकाळी ८.३२

तुमचा बरोबर, माळ ती माळ. माका म्हायत नव्हता.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) | १० जून, दुपारी २.५०

मी फिजिशियन आहे, ओपीडी आत्ता संपली. कलमवाडी, तुम्ही जे लिहिलंय त्यात रिपोर्टपेक्षा चप्पल आणि साबण जास्त महत्त्वाचे आहेत. चार गोष्टी सांगा, मग लिहितो.

हे रक्त काढायच्या आधीच्या महिन्यात दादांनी कुठली ताकदीची गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन घेतलं होतं का? ॲसिडिटीची गोळी चालू आहे का आणि किती वर्षं? दूध रोज किती, म्हणजे चहातलं धरून? आणि फेरिटिन किंवा आयर्न कधी बघितलंय का?

---

कलमवाडी | १० जून, दुपारी ३.३०

डॉक्टर, थँक्यू. यांना विचारून लिहिते.

मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल आणली होती, रक्त काढायच्या आधी साधारण तीन आठवडे रोज एक. डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी, सहा वर्षं तरी झाली, कोणी बंद करा म्हटलं नाही आणि बंद केली की जळजळ होते. दूध जवळपास नाही, कोराच चहा पितात. दही कधीमधी. सोलकढी मात्र रोज. फेरिटिन बघितलं नाही, पण रिपोर्टवर आरडीडब्ल्यू म्हणून १८ लिहिलंय आणि पुढे बाण आहे.

---

वाशिष्ठीकाठ | १० जून, संध्याकाळी ६.२०

आता लिहितो. मी दादांना तपासलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा.

२६८ हा आकडा सुटा वाचू नका. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात, पण २०० ते ३५० हा पट्टा संशयाचा आहे, कारण रक्तात जे मोजलं जातं त्यातला मोठा भाग अशा प्रथिनाला बांधलेला असतो जो पेशींना मिळतच नाही. त्यात दादांनी आधी तीन आठवडे कॅप्सूल खाल्ली. तिने रक्तातला आकडा वर जातो, नसांची भूक मात्र तशीच राहते. त्यामुळे मला २६८ मध्ये नॉर्मल असं काही दिसत नाही.

एमसीव्हीचं नारळीपौर्णिमांनी लिहिलं ते पुस्तकात बरोबर आहे, बी ट्वेल्व्ह कमी झालं की लाल पेशी मोठ्या होतात. पण आयर्न कमी असलं की पेशी लहान होतात. दोन्ही एकत्र कमी असली तर काही पेशी मोठ्या, काही लहान, आणि सरासरी येते ८७, अगदी सभ्य आकडा. ही मिसळ पकडून देतो तो आरडीडब्ल्यू, कारण तो पेशींच्या आकारातली तफावत मोजतो, आणि तुमच्याकडे त्यालाच बाण आहे. आणि हिमोग्लोबिन पूर्ण चांगलं असूनही फक्त नसांवर परिणाम झालेले पेशंट मी पाहिलेत, त्यामुळे रक्त बरं म्हणजे नसा बऱ्या असं धरता येत नाही.

आता चप्पल. बी ट्वेल्व्ह कमी पडलं की नसांवरचं आवरण खराब होतं, आणि पायातल्या नसांबरोबर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूचा मागचा भागही दुखावतो. पाय कुठे आहे, जमीन कशी आहे ही खबर मेंदूकडे त्याच वाटेने जाते. ती तुटली की माणूस डोळ्यांनी बघून तोल सांभाळतो. म्हणून डोळे मिटले की झोक जातो, अंधारात बांधावरून चालता येत नाही, पायातली चप्पल गेलेली कळत नाही. सायटिका बहुतेक वेळा एका पायात कमरेपासून खाली कळ घेऊन येते. दोन्ही पायांना बोटांपासून सारखं वर चढत येणं हा वेगळाच प्रकार आहे.

एवढं करा. डॉक्टरांना सांगा १२८ चा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून बघा. तो नसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. थरथर अंगठ्यावर कळत नाही आणि गुडघ्यावर कळते असं असेल तर ती खूण आहे. मग रक्ताच्या दोन तपासण्या: होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड. पेशींना बी ट्वेल्व्ह खरंच कमी पडत असेल तर हे दोन्ही रक्तात साठतात. होमोसिस्टीन फोलेट कमी असलं तरी वाढतं. दुसरी तपासणी जास्त नेमकी, पण महाग आणि मुंबईला जाते, आणि किडनी खराब असेल तर तीही फसवी वाढते, तुमचं क्रिएटिनिन ठीक आहे म्हणून तो प्रश्न नाही. दुसरी परवडत नसेल तर नुसतं होमोसिस्टीन, सोबत फोलेट आणि फेरिटिन.

रक्त आधी, इंजेक्शन नंतर, पण त्याच दिवशी. नमुना दिला की रिपोर्टची वाट बघत आठवडा घालवू नका. एमआरआय आत्ताच नको असं माझं मत आहे. लघवीवर ताबा जात असेल, पायातली ताकद जात असेल किंवा कमरेवर एखाद्या पातळीपासून खाली संवेदनाच नसेल तर मात्र तो ताबडतोब.

---

कुडाळ_लॅब | १० जून, रात्री ९.१०

मी लॅब टेक्निशियन आहे, होमोसिस्टीनबद्दल एक गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही. रक्त काढल्यावर नळीतल्या लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. नमुना तासाभरात फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा केला नाही किंवा लगेच बर्फात ठेवला नाही तर आकडा खोटा वाढतो. गावातल्या कलेक्शन सेंटरला सकाळी रक्त दिलं आणि नळी दुपारच्या गाडीतून तशीच लॅबला गेली असा प्रकार मी नेहमी बघतो, मग वीस-बावीस येतं आणि पेशंट घाबरतो. तेव्हा जिथे सेंट्रिफ्यूज आहे अशा ठिकाणी दादांनाच घेऊन जा, आणि काउंटरवर विचारा "इथेच फिरवणार का?" उपाशीपोटी जा. मिथाइलमॅलोनिकला ही भीती नाही, तो नमुना टिकतो.

---

नारळीपौर्णिमा | १० जून, रात्री ९.४५

डॉक्टर, आरडीडब्ल्यूचं मला माहीत नव्हतं. पण आंबवलेल्या पदार्थांत बी ट्वेल्व्ह असतं हे तर सगळीकडे वाचलंय. आणि सोलकढी पण नाही?

---

वाशिष्ठीकाठ | १० जून, रात्री १०.०५

बी ट्वेल्व्ह काही ठरावीक जिवाणूच बनवतात, झाडं बनवत नाहीत. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू बनवतात म्हणून ते दुधात उतरतं. इडली-आंबिलीत जे जिवाणू वाढतात त्यांच्याकडून उपयोगापुरतं मिळेल असा भरवसा नाही. स्पिरुलिनात आहे ते बहुतेक बी ट्वेल्व्हचं नकली रूप, काही लॅब पद्धतींत आकडा वर दिसतो पण शरीराला ते वापरता येत नाही, नणंदेचं तसंही झालं असेल. सोलकढीतलं दूध नारळाचं, त्यात शून्य. दही-दुधात नक्की आहे, पण दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम लागतात आणि ते नुसत्या दुधातून भागवायचे तर रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध हवं. दादा कोरा चहा पितात.

मालवणी भाऊंचं आहाराचं ज्ञान पक्कं आहे, शिंपल्यांत बी ट्वेल्व्ह भरपूर. पण दादांच्या पोटात ॲसिडच सहा वर्षं दाबलेलं आहे. अन्नातलं बी ट्वेल्व्ह प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला ॲसिड लागतं. आयर्न शोषायलाही ॲसिडची मदत लागते. माळ बावीस वर्षांची, यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, तो संपत आला त्याच सुमाराला ही गोळी लागली असावी असा माझा अंदाज.

---

आईचा_धाकटा (ठाणे, मूळ गुहागर) | ११ जून, पहाटे १२.५०

वाचून झोप येईना म्हणून लिहितोय. आई जन्मापासून शाकाहारी, दुधाची तिला शिसारी. तीन वर्षांपूर्वी दम लागतो, थकते म्हणून दाखवलं, हिमोग्लोबिन ८, डॉक्टरांनी आयर्न आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, आणि तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ झालं, चेहऱ्यावर रंग आला, आम्ही सगळे खूश. मुंग्या येतात म्हणायची, आम्ही म्हटलं रक्त वाढलंय आता जातील हळूहळू. आठ-नऊ महिन्यांनी ती भिंत धरून चालायला लागली तेव्हा मुंबईत न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. बी ट्वेल्व्ह ९० होतं. त्यांनी समजावलं की फोलिक ॲसिडने रक्त सुधारतं आणि बी ट्वेल्व्हची कमतरता झाकली जाते, नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं.

इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या, हात पूर्ण बरे झाले, पण ती आजही जिन्याचा कठडा सोडत नाही. कलमवाडी, थांबू नका. दादांना कोणी फक्त फोलिक ॲसिड लिहून दिलं तर बी ट्वेल्व्ह सुरू झाल्याशिवाय घेऊ नका.

---

कलमवाडी | १३ जून, रात्री ९.३०

तुम्हा सगळ्यांचं वाचून परवा सुट्टी टाकली आणि दादांना घेऊन गेलो. आरोग्य केंद्रातल्या मॅडम तरुण आहेत, त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि कपाटातून ट्यूनिंग फोर्क काढला. तो मनगटावर आपटून दादांच्या अंगठ्यावर ठेवला. दादा म्हणाले, "थंड लागता." थरथर लागते का विचारलं तर नाही. घोट्याच्या हाडावर, नाही. मॅडमनी तोच फोर्क माझ्या हाताला लावून दाखवला, केवढा गुणगुणत होता तो. गुडघ्यावर नेला तेव्हा दादा म्हणाले, "हां, आता भोंग्यासारखा वाजता." मला रडूच आलं तिथे.

मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले, यांना मागे उभं केलं होतं, चार-पाच सेकंदांत डावीकडे गेले.

होमोसिस्टीन उपाशीपोटी, लॅबमध्येच फिरवून: ४६, रेंज १५ पर्यंत. फोलेट नॉर्मल. फेरिटिन ८. मिथाइलमॅलोनिक दिलंय, यायला वेळ आहे. पहिलं इंजेक्शन त्याच दुपारी.

एक अडचण झाली. दादांनी बाटली बघितली, लालभडक औषध, आणि म्हणाले, "ह्या कशापासून करतत? रगत हा काय?" आणि हात मागे घेतला. मॅडमना पण नीट सांगता येईना.

---

वाशिष्ठीकाठ | १३ जून, रात्री १०.१५

दादांना सांगा, तो लाल रंग बी ट्वेल्व्हचा स्वतःचा आहे, त्याच्या गाभ्यात कोबाल्ट धातू असतो. कारखान्यात ते जिवाणूंकडून करून घेतात, टाक्यांमध्ये, ताक लावतात तसंच विरजण समजा. प्राण्याचं काही नाही. कॅप्सूलच्या बाबतीत मात्र त्यांची शंका योग्य आहे, कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यापासूनच येतं. पुढे तोंडाने द्यायची वेळ येईल तेव्हा साधी गोळी घ्या, पाकिटावर हिरवा ठिपका बघून.

फेरिटिन ८, फोलेट नॉर्मल आणि होमोसिस्टीन ४६, हे चित्र जुळतं. आता बाटलीवर नक्की काय लिहिलंय ते सांगा.

---

कलमवाडी | १३ जून, रात्री १०.४०

विरजणाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मगे उद्या जावया."

इथल्या मेडिकलवाल्याने दिलंय त्यावर मिथाइलकोबालामिन १००० मायक्रोग्रॅम, पायरिडॉक्सिन १०० मिलिग्रॅम, निकोटिनामाइड १०० असं आहे. आणि नसांची म्हणून जी गोळी सुरू आहे त्यातही पायरिडॉक्सिन आहे.

---

वाशिष्ठीकाठ | १३ जून, रात्री ११.००

पायरिडॉक्सिन म्हणजे बी सिक्स. ते थोडं हवंच, पण मोठ्या डोसात महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच पायांच्या नसा बधिर होतात. मुंग्यांसाठी औषध आणि मुंग्या त्याच औषधाच्या, असे पेशंट येतात. मॅडमना विचारून नुसतं बी ट्वेल्व्ह असलेलं इंजेक्शन मागा. आपल्याकडे बहुतेक मिथाइलकोबालामिन १५०० मिळतं, ते चालेल. हायड्रॉक्सोकोबालामिन १००० मिळालं तर मला जास्त आवडतं, शरीरात जास्त दिवस टिकतं, पण त्यासाठी अडून राहू नका. मिथाइल असेल तर अँप्यूल उजेडात ठेवायची नाही, गडद काच असते ती त्यासाठीच.

मी साधारण असं देतो: पहिले दोन-तीन आठवडे दिवसाआड, कमरेत नाहीतर दंडात, मग आठवड्याला एक असं दोन महिने, मग महिन्याला एक. ब्रिटनमध्ये नसांचा त्रास असेल तर सुधारणा थांबेपर्यंत दिवसाआडच देत राहतात. मॅडम ठरवतील ते करा.

आणि फेरिटिन ८ बाजूला पडू देऊ नका. ६४ वर्षांच्या पुरुषाचं आयर्न एवढं खाली का गेलं हा वेगळा प्रश्न आहे, शाकाहार आणि ॲसिडिटीच्या गोळीवर सगळं ढकलून चालणार नाही. आतून कुठे रक्त जातंय का बघायला हवं, दुर्बिणीने, वरून आणि खालून. वरच्या दुर्बिणीत जठराचं अस्तर सुकलंय का तेही कळेल, तसं असेल तर बी ट्वेल्व्ह शोषलं न जाण्याचं ते आणखी एक कारण.

---

कलमवाडी | २५ जून, सकाळी ६.५०

डॉक्टर, घाई करतेय, माफ करा. सहा इंजेक्शनं झाली आणि मुंग्या वाढल्यात. रात्री पायात मुंगळे चावतायत असं म्हणतात. यांचं म्हणणं इंजेक्शन थांबवूया.

---

वाशिष्ठीकाठ | २५ जून, सकाळी ८.००

थांबवू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींना हे होतं, नसा जाग्या होताना मुंग्या, टोचणं वाढतं आणि मग उतरतं. पायाची ताकद कमी झालीय का, लघवी अडतेय किंवा कळत नाहीये का, एवढं बघा. तसं काही असेल तर आजच मोठ्या दवाखान्यात.

---

कलमवाडी | २५ जून, सकाळी ८.२०

नाही, ताकद आहे, काल लावणीला चिखलात उभे होते, मीच ओरडून बाहेर काढलं. मिथाइलमॅलोनिकचा रिपोर्ट पण आला, रेंजच्या पाचपट.

---

कुडाळ_लॅब | २५ जून, सकाळी ९.१५

मग शंकेला जागाच नाही ताई. आता मध्येच कोणी "बी ट्वेल्व्ह परत काढून बघू" म्हटलं तर पैसे घालवू नका, इंजेक्शनं चालू असताना तो दोन हजारच्या वरच येणार, त्यावरून नसांचं काहीच कळत नाही.

---

कलमवाडी | ११ ऑक्टोबर, रात्री ८.४५

चार महिन्यांनी लिहितेय, मध्ये भाताची कामं होती.

मुंगळे तीन आठवड्यांत गेले. हिमोग्लोबिन ऑगस्टमध्ये १३.४, आयर्नची गोळी चालू आहे. घोट्यापर्यंतच्या मुंग्या उतरत उतरत आता फक्त बोटांच्या टोकांना राहिल्या, उजव्या अंगठ्याला अजून थरथर कळत नाही, डाव्याला अर्धवट कळते असं मॅडम म्हणाल्या. परवा न्हाणीतून आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, साबण लावताना नळ धरलात? म्हणाले, "इसारलंय गे धरूक."

दुर्बीण गणपतीनंतर केली. खालून मूळव्याध, बाकी काही नाही. वरून अस्तर सुकल्यासारखं दिसलं, तुकडा तपासायला दिलाय. पॅन्टोप्राझोल एकदम बंद न करता दिवसाआड, मग तीन दिवसांनी अशी कमी केली, जळजळ पहिले पंधरा दिवस झाली.

आता प्रश्न हा की इंजेक्शन महिन्याला आलंय, दादा म्हणतात गोळी द्या, दर महिन्याला कमरेत टोचून घेणार नाही. गोळीने भागेल का?

---

पेन्शनर_दापोली | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मी दीड वर्ष गोळीवरच आहे, १००० ची रोज एक, मुंग्या परत आल्या नाहीत. माझा दादांना आग्रह राहील गोळीचाच.

---

आईचा_धाकटा | ११ ऑक्टोबर, रात्री १०.१०

आमचे न्यूरॉलॉजिस्ट गोळीला तयारच नाहीत, म्हणतात एकदा मज्जारज्जूपर्यंत गेलं की आयुष्यभर इंजेक्शन. आईच्या बाबतीत मी प्रयोग करणार नाही.

---

वाशिष्ठीकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ११.२०

यावर आमच्यातही एकमत नाही. मोठ्या डोसातली गोळी, १००० मायक्रोग्रॅम रोज, तिच्यातला साधारण एक टक्का जठराच्या मदतीशिवायही आतड्यातून आपोआप शिरतो. एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या चौपट, म्हणून अस्तर सुकलेल्यांनाही ती बऱ्याचदा पुरते. पण ती रोज खाल्ली गेली पाहिजे, आणि सुधारणा अजून चालू असताना मी स्वतः इंजेक्शन सोडायला सांगत नाही. दादांना अजून दोन-तीन महिने इंजेक्शन द्या, तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे. मग गोळीवर आणलंत तर तीन महिन्यांनी होमोसिस्टीन परत काढा, ते पंधराच्या आत राहिलं तर गोळी लागू पडतेय.

उजव्या अंगठ्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. सहा महिने ते वर्षभर सुधारणा होत राहते, त्यानंतर जे उरतं ते बहुतेक राहतं. अंधारात बागेत जाताना बॅटरी आणि मागून पट्टा असलेली चप्पल, हे तोवर चालू ठेवा.

---

कलमवाडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

पट्ट्याची चप्पल जूनपासूनच आहे. इंजेक्शनचं दादांना सांगितलं, डिसेंबरपर्यंत घेतो म्हणाले, त्यापुढचं आपण ठरवू.

आणि कुडाळच्या भाऊंना विचारायचंय, माझ्या सासूबाईंनी पण नऊ वर्षांपूर्वी माळ घातली, मुंग्या वगैरे काही नाही. त्यांचं आधीच बघून ठेवावं का?

---

कुडाळ_लॅब | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

बघा ना. फक्त घरात दादांची म्हणून आणलेली एखादी गोळी त्या खात नाहीत ना, ते आधी विचारा, आणि मगच रक्त द्या.